पन्नास ठिपके आणि एकशे वीस विटा

*ताई, मी चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फाउंडेशनपासून रोज स्केचिंग केलं, एकेका हेडस्टडीसाठी रात्री जागवल्या. परवा कलेतिहासाच्या तासाला सरांनी जमिनीवर रचलेल्या विटा दाखवल्या आणि नंतर भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा. त्या रेघाही चित्रकाराने स्वतः मारलेल्या नाहीत म्हणे! सगळा वर्ग हसला, मीसुद्धा. हे तर कुणीही करेल. यात कौशल्य कुठे आहे आणि भावना कुठे? परीक्षेत ‘थोर’ लिहीन, पण मनातून पटत नाही. त्यात पुढच्या महिन्यात याच पद्धतीचं एक काम करून द्यायचंय. काय करू?*
*– एक विद्यार्थिनी, नाशिक*

प्रिय मैत्रिणी,

पटत नसेल तर ‘थोर’ लिहू नकोस. मात्र नाही म्हणण्याआधी ती दोन्ही कामं नीट बघ, कारण पडद्यावरच्या एका फोटोत त्यांचा अर्धा भाग दिसतच नाही.

आधी विटा. तुझ्या सरांनी दाखवलं ते बहुधा कार्ल आंद्रे या अमेरिकन शिल्पकाराचं ‘इक्विव्हॅलंट एट’ असावं. लंडनच्या टेट गॅलरीने ते १९७२ साली विकत घेतलं. १९७६ मध्ये वर्तमानपत्रांनी त्यावरून रान उठवलं आणि एका प्रेक्षकाने त्या विटांवर खाण्याचा निळा रंग ओतला. म्हणजे तुमचा वर्ग हसला त्याच्या कितीतरी आधी आख्खं लंडन हसून आणि चिडून झालेलं आहे.

त्या नावातला ‘एट’, म्हणजे आठ, फार महत्त्वाचा आहे. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या टिबॉर द नाज गॅलरीत आंद्रेने अशा आठ रचना एकाच वेळी जमिनीवर मांडल्या होत्या. प्रत्येकीत १२० विटा, दोन थरांत. म्हणजे एका थरात ६०. आता ६० विटांचा भरीव आयत किती तऱ्हांनी करता येईल? लांबलचक पट्ट्या सोडल्या तर ३ गुणिले २०, ४ गुणिले १५, ५ गुणिले १२ आणि ६ गुणिले १०. या चारही आयतांत वीट लांबीच्या दिशेने ठेवता येते किंवा आडवी, म्हणून मांडण्या आठ. सगळ्यांची उंची तीच, विटा तेवढ्याच, व्यापलेली जागाही तेवढीच. ‘इक्विव्हॅलंट’ म्हणजे समतुल्य.

हे मी सांगते म्हणून मानू नकोस, ग्राफ पेपर घे. वीट नऊ इंच बाय साडेचार इंचांची धर, जाडी अडीच इंच. टेटमधली रचना साडेसात फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद येईल, उंची फक्त पाच इंच. त्याच विटा ३ गुणिले २० अशा लांबीने लाव, म्हणजे पंधरा फुटांची, जेमतेम साडेतेरा इंच रुंदीची रेघ तयार होते. ६ गुणिले १० मध्ये विटा फिरवून ठेव, तर साडेचार फूट बाय पावणेचार फुटांचा जवळजवळ चौरस. मला स्वतःला काढून बघेपर्यंत एक गोष्ट लक्षात आली नव्हती. दोन जोड्यांमध्ये बाहेरचा आकार अगदी एकच येतो, फक्त आतल्या विटांची दिशा बदललेली असते. आठ आयत कागदावर शेजारी शेजारी आले की सारख्याच वजनाचा ऐवज कधी लांब वाटतो, कधी बसका, कधी जड. ‘आकार म्हणजे काय’ या जुन्या प्रश्नाला एवढं थेट हात घालणारं काम मी फार कमी पाहिलंय. टेटने आठांतलं एकच घेतलं आणि तुम्हाला त्या एकाचाही फोटोच दिसला. गाण्यातला एकच सूर ऐकवून ‘यात काय आहे’ विचारावं तसं झालं ते.

आणखी एक. आंद्रे चित्रकलेचं शिक्षण घेऊन थेट गॅलरीत आला नव्हता. १९६० ते १९६४ अशी चार वर्षं त्याने रेल्वेत, मालगाड्यांवर काम केलं. सारख्या आकाराची, एकमेकांच्या जागी बसू शकणारी एककं जोडत जाणं त्याच्या रोजच्या हातातलं होतं. त्याच्या विटा चिकटवलेल्या नसतात, नुसत्या शेजारी ठेवलेल्या असतात. आपलं काम ‘कन्सेप्च्युअल’ म्हटलेलं त्याला मान्य नव्हतं, कारण ती वस्तू प्रत्यक्ष समोर असल्याशिवाय त्याच्या लेखी कामच नव्हतं. मिनिमलिझम आणि कन्सेप्च्युअल आर्ट यांतला फरक इथेच आहे. पहिल्यात साधी वस्तू, तिची जागा आणि तिच्याभोवती फिरणारी तू, हे सगळं लागतं. दुसऱ्यात वस्तू पुसून टाकली तरी काम शिल्लक राहू शकतं.

आता भिंतीवरच्या रेघा. त्या सोल लेविट या अमेरिकन चित्रकाराच्या, आणि या माणसासाठी मी भांडायला तयार आहे.

लेविटने १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या पॉला कूपर गॅलरीत पहिलं भिंतीवरचं रेखाटन केलं, स्वतःच्या हाताने. प्रदर्शन व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या विद्यार्थी संघटनेच्या मदतीसाठी होतं. ते संपलं आणि भिंत पुन्हा पांढरी झाली. पुढे त्याने एक पद्धत ठरवली. तो सूचना लिहायचा आणि भिंतीवर काम इतर लोक करायचे. विकत घेणाऱ्याला मिळायचं एक प्रमाणपत्र आणि एक आकृती. भिंत बदलली, शहर बदललं तरी सूचना तीच. २००७ मध्ये तो गेला तेव्हा अशी बाराशेहून अधिक रेखाटनं मागे होती. त्यांतली बरीचशी त्याच्यानंतरही नव्या भिंतींवर उमटत आहेत.

त्यातलं ११८ क्रमांकाचं, १९७१ मधलं रेखाटन बघू. पूर्ण सूचना मराठीत साधारण अशी होईल: सलग भिंतीच्या कोणत्याही भागावर, कठीण पेन्सिलीने, पन्नास बिंदू यदृच्छेने मांडा. बिंदू भिंतीभर सारखे पसरलेले असावेत. सर्व बिंदू सरळ रेषांनी जोडा.

बस, एवढंच. ‘हे तर कुणीही करेल’ हे तुझं वाक्य माझ्या विद्यार्थ्यांनीही म्हटलं होतं, म्हणून काही वर्षांपूर्वी वर्गाची एक भिंत मागून घेऊन मी त्यांनाच ते करायला लावलं. सरावासाठीच. प्रमाणपत्राशिवाय त्याला लेविटचं काम म्हणता येत नाही. भिंत बारा फूट बाय आठ फूट होती.

पहिला वाद पहिल्या दहा मिनिटांत सुरू झाला. ‘यदृच्छेने’ आणि ‘सारखे पसरलेले’ हे दोन्ही एकाच वेळी कसं जमायचं? एका गटाने फासे टाकून बिंदूंच्या जागा काढल्या. खरी यदृच्छा कशी दिसते ते तेव्हा कळलं. एका कोपऱ्यात सात बिंदू खेटून बसले आणि मधला मोठा भाग रिकामा राहिला. दुसरी सूचना मोडली. दुसऱ्या गटाने सरळ जाळी आखली, पाच ओळी आणि प्रत्येकीत दहा बिंदू. अगदी सारखे पसरलेले, पण यदृच्छा नाही. तेही मी कागदावर जोडून बघायला सांगितलं. एका आडव्या ओळीतले दहा बिंदू आपसांत जोडायचे तर ४५ रेषा लागतात आणि त्या सगळ्या एकाच रेषेवर पडतात. पाच ओळी मिळून २२५ रेषांची मेहनत, डोळ्यांना दिसतात फक्त पाच! जाळीत चित्र गुदमरतं. मुलांना वाटलं होतं की, लेविटने निष्काळजीपणे परस्परविरोधी शब्द लिहिलेत. पण ‘यदृच्छेने’ हा शब्द गाळला तर रेषा एकमेकींवर चढतात आणि ‘सारखे’ हा गाळला तर भिंत एका बाजूला कलंडते. दोन शब्दांमधल्या त्या अरुंद फटीत करणाऱ्याला आपला निर्णय घ्यावा लागतो. शेवटी आमच्या मुलांनी डोळ्यांनी, हाताने, मागे जाऊन बघत बिंदू लावले. त्यातच आख्खी दुपार गेली.

मग रेषा. पहिला बिंदू उरलेल्या ४९ बिंदूंना जोडायचा, दुसरा ४८ ना, तिसरा ४७ ना. बेरीज १२२५ येते. आमच्या भिंतीच्या मापाने एका रेषेची सरासरी लांबी सव्वापाच फूट पडते, म्हणजे सगळ्या रेषा टोकाला टोक लावून ठेवल्या तर जवळजवळ दोन किलोमीटर. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची रेषा साडेचौदा फुटांची होऊ शकते. तिला फूटपट्टी पुरत नाही. दोघांनी दोरा ताणून धरायचा आणि तिसऱ्याने त्याच्या कडेने हलक्या खुणा करून मग लांब ॲल्युमिनियमची पट्टी लावायची. पेन्सिल कठीण का, हे दुसऱ्या दिवशी कळलं, कारण एका मुलाने घाईत मऊ पेन्सिल घेतली होती. तिचं टोक चार फुटांत झिजतं, रेषा सुरुवातीला बारीक आणि शेवटी जाड होते, वर बाहीने पुसटते. ४ एच ची रेषा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी राहते. पण भिंत खडबडीत असेल तर तीच पेन्सिल डिस्टेंपर खरवडते, म्हणून आधी पुट्टी घासून गुळगुळीत करावी लागते. ‘कठीण’ हा शब्द गाळला असता तर चित्र वेगळंच झालं असतं.

सगळ्यात मोठी अडचण हिशेबाची. तीनशे रेषांनंतर कोणती झाली आणि कोणती राहिली हे भिंतीकडे बघून सांगताच येत नाही. आम्ही बिंदूंना क्रमांक दिले, तक्ता केला आणि एकेक घर खोडत गेलो. एखादा बिंदू पूर्ण झाला का, हे त्याच्यातून निघणाऱ्या रेषा मोजून तपासायचं. ४९ हव्यात. कमी दिसल्या तर एखादी राहिली तरी आहे किंवा तिसरा बिंदू नेमका वाटेत आल्यामुळे एकीवर एक पडली आहे.

आणि मग तिसऱ्या दिवशी जे दिसलं ते आमच्यापैकी कुणीही मनात धरलं नव्हतं. बिंदू सगळीकडे सारखे होते, तरी भिंतीचा मध्य गडद होत गेला आणि कडा उजळ राहिल्या. कारण साधं आहे. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणारी बहुतेक रेषा मधूनच जाते. पण डोळ्यांना ते धुकं दिसत होतं, आतून दाटत आलेलं. प्रत्येक बिंदूपाशी काळसर चांदणी. छायाप्रकाश कुणीच केला नव्हता, तरी तो तिथे होता. मघापर्यंत हसणारी मुलं गप्प उभी होती. मी तो क्षण विसरलेले नाही.

आपल्याकडच्या मुलांना मी इथे ठिपक्यांच्या रांगोळीची आठवण देते. ‘१५ ते ८’ एवढं सांगितलं की, कोणत्याही गावची बाई अंगणात तेच ठिपके मांडून रांगोळी काढते आणि दुसऱ्या दिवशी ती पुसली गेली म्हणून रांगोळी हरवत नाही. ती त्या आकड्यांत आणि हातांत शिल्लक असते. कृती आणि वस्तू वेगळ्या असू शकतात हे आपल्याला शिकवावं लागू नये. फरक मात्र लक्षात ठेव. रांगोळीत शेवटी कोणती आकृती येणार हे आधीच ठाऊक असतं आणि ठिपके तिच्यासाठी असतात. ११८ मध्ये ती आकृती कुणीच पाहिलेली नसते, लेविटनेही नाही.

१९६७ मध्ये ‘आर्टफोरम’ मासिकात त्याने लिहिलं होतं की, कल्पना हीच कला तयार करणारं यंत्र बनते. त्याच लेखात त्याने सगळे निर्णय आधी घेतलेले असतात, प्रत्यक्ष करणं ही औपचारिकता असते, असंही म्हटलंय. ते मला पूर्ण मान्य नाही. आमच्या भिंतीवर औपचारिकतेने काहीच झालं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॉर्थ ॲडम्स इथे २००८ मध्ये त्याची १०५ रेखाटनं एका जुन्या गिरणीच्या इमारतीत केली गेली तेव्हा साठ-पासष्ट जण सहा महिने राबत होते. कौशल्य तिथेही लागलंच. फक्त ते सही करणाऱ्याच्या हातात नव्हतं, आणि सूचनेतला कोणता शब्द ठेवायचा हे कौशल्य सही करणाऱ्याकडेच होतं.

भावनेचं विचारलंस. लेविटची मैत्रीण एव्हा हेस ही शिल्पकार. लेटेक्स, फायबरग्लास, दोर अशा लोंबत्या, थरथरत्या साहित्यात काम करायची. १९७० च्या मे महिन्यात ब्रेन ट्यूमरने गेली, वय ३४. लेविट त्या वेळी पॅरिसमधल्या प्रदर्शनाच्या तयारीत होता. तोवर त्याच्या भिंतींवरच्या रेषा सरळच असायच्या. तिथे त्याने ४६ क्रमांकाचं रेखाटन केलं आणि तिला अर्पण केलं. सूचना अशी: उभ्या रेषा, सरळ नसलेल्या, एकमेकींना न टेकणाऱ्या, भिंतीभर सारख्या. सरळ नसलेल्या, एवढाच बदल. तिच्या हाताचा कंप त्याने आपल्या नियमात घेतला आणि पुढे तशी रेषा त्याच्या कामात राहिली. एकमेकींना न टेकणाऱ्या त्या रेषांच्या सूचनेत शोकाचा एकही शब्द नाही. मला ती वाचताना गलबलून येतं, पण तुला तसं वाटलंच पाहिजे असं नाही.

तुझ्या संशयातला एक भाग मात्र मी जपून ठेवायला सांगेन. या वाटेने भरपूर पोकळ काम होतं. लेविटनेच त्या लेखात लिहिलंय की, कल्पना चांगली असेल तरच असली कला चांगली. मागे एका प्रदर्शनात रिकाम्या खोलीत एक खुर्ची होती आणि भिंतीवर पानभर मजकूर, अस्तित्व, अनुपस्थिती वगैरे. मी मनातल्या मनात खुर्चीच्या जागी स्टूल ठेवून पाहिलं, मग पाण्याचा माठ. मजकुरातलं एक अक्षर बदलावं लागत नव्हतं. अशा वेळी कल्पना त्या वस्तूपर्यंत पोचलेलीच नसते. आंद्रेच्या १२० मधली एक वीट काढ, ११९ होतात आणि एकेरी पट्टी सोडली तर सात गुणिले सतराशिवाय आयतच होत नाही. दोन थर तर होतच नाहीत. लेविटच्या सूचनेतून एक विशेषण काढलं की काय होतं ते वर सांगितलंच. कोणत्याही कामासमोर उभी राहून हा अदलाबदलीचा खेळ करून बघ. काहीच बिघडलं नाही, तर हसायला हरकत नाही.

तुझ्या पुढच्या महिन्यातल्या कामाबद्दल. दोन-तीन वाक्यांची सूचना लिही. ती दोन मैत्रिणींना वेगवेगळी दे, आणि हे फार महत्त्वाचं, त्या करत असताना जवळ थांबू नकोस. त्या फोन करून काय विचारतात ते लिहून ठेव, कारण तिथेच तुझे शब्द सैल आहेत किंवा तिथेच चित्र जिवंत आहे. दोघींची कामं हुबेहूब सारखी आली आणि तुझ्या मनातल्यासारखीच आली, तर तू चित्राचं डिक्टेशन दिलंयस. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंधच लागत नसेल, तर सूचनेत पकड नाही. बहिणी वाटाव्यात पण जुळ्या वाटू नयेत, तिथपर्यंत शब्द बदलत राहा. सादर करताना सूचना, दोन्ही कामं आणि तुझे खोडलेले मसुदे, तिन्ही लाव. इतक्या वर्षांच्या हेडस्टडीजचा उपयोग इथे होईल. कुठे टोन दाटतोय आणि कुठे रेषा मरतेय हे तुझ्या डोळ्यांना लगेच दिसेल.

सूचना लिहायच्या आधी ११८ लहान करून एकदा काढ. अर्ध्या इम्पीरियल कागदावर फक्त बारा बिंदू, ६६ रेषा. एका संध्याकाळी होतं. कागदावर २ एच चालेल, पण दर सहा-सात रेषांनी टोक करत जा, आणि बिंदू लावून झाले की जोडायच्या आधी कागद भिंतीला टेकवून दहा पावलं मागे जाऊन बघ.

तुझी,
ताई